तेलाचा फेरपालट : दोडामार्गातल्या एका घराचा महिन्याचा हिशोब



गेल्या पालकसभेत विषय होता मुलांच्या डब्याचा. सभा संपल्यावर एक पालक थांबले. त्यांच्या वडिलांना नुकतंच गोव्याला बांबोळीच्या इस्पितळातून घरी आणलं होतं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, "तेल बदला, कमी करा." त्यांनी मला विचारलं, "बाई, कोणतं तेल आणू? दुकानात हृदयाचं चित्र असलेली पिशवी आहे, पण ती परवडणारी नाही."

हा प्रश्न मला नवा नव्हता. दोन वर्षांपूर्वी माझ्या सासऱ्यांच्या वेळी मीही हाच प्रश्न घेऊन दुकानात उभी होते. त्यातून आम्ही जे शिकलो ते इथे मांडते. हा विज्ञानाचा पाठ आहे आणि गणिताचाही, त्यामुळे सातवी-आठवीच्या वर्गात घेता येईल. त्यासाठीचा उपक्रम शेवटी दिला आहे.

फेरपालट कशासाठी?

अनेक शेतकरी एकाच जमिनीत सतत तेच पीक घेत नाहीत. एक पीक जमिनीतून जे घेतं ते दुसरं परत देतं. तेलाचंही थोडं तसंच आहे. कोणतंही एक तेल सर्व गुणांनी पूर्ण नसतं.

तेलात तीन प्रकारची स्निग्धाम्लं असतात: संपृक्त, एक-असंपृक्त आणि बहु-असंपृक्त. संपृक्त जास्त झालं की रक्तातलं एलडीएल, म्हणजे ज्याला आपण 'वाईट कोलेस्टेरॉल' म्हणतो, ते वाढतं. बहु-असंपृक्तात पुन्हा दोन गट आहेत, ओमेगा-६ आणि ओमेगा-३. हे दोन्ही शरीराला बनवता येत नाहीत, ते जेवणातूनच मिळावे लागतात.

आता आपल्या बाजारात मिळणारी तेलं पाहा. शेंगदाणा तेलात जवळजवळ निम्मा भाग एक-असंपृक्त आहे. ते तापवायला चांगलं, पण त्यात ओमेगा-३ जवळपास नाही. सूर्यफूल तेलात ओमेगा-६ भरपूर, ओमेगा-३ नाही. सोयाबीन तेलात शंभर ग्रॅममागे सहा-सात ग्रॅम ओमेगा-३ मिळतं. मोहरीच्या तेलात ते आणखी थोडं जास्त असतं. तांदळाच्या कोंड्याच्या तेलाची, म्हणजे राईस ब्रानची, घडण साधारण शेंगदाणा तेलासारखी आहे. शिवाय त्यात ओरायझेनॉल नावाचा घटक असतो. आणि खोबरेल? त्यातला सुमारे नव्वद टक्के भाग संपृक्त.

म्हणून राष्ट्रीय पोषण संस्था एकाच तेलावर न राहता वेगवेगळी तेलं वापरायला सांगते. पण आपल्या तळकोकणात या सल्ल्याला एक पुरवणी जोडावी लागते, आणि तीच या लेखातली मुख्य गोष्ट आहे. आपल्याकडे तेलाची सगळ्यात मोठी बाटली कट्ट्यावर नसते. ती नारळात असते.

आमची चूक

बाबांना त्रास झाला तेव्हा आम्ही पाच माणसं घरात होतो: सासू-सासरे, आम्ही दोघं आणि आठवीतली मुलगी. महिन्याला तीन लिटर रिफाइंड सूर्यफूल तेल आणि अर्धा लिटर खोबरेल लागायचं. मी पहिल्याच दिवशी खोबरेल बंद केलं आणि महागडं 'हार्ट' लिहिलेलं तेल आणलं. पिशवीवर मोठ्या अक्षरात होतं, 'कोलेस्टेरॉल नाही'. मला फार बरं वाटलं. पुढे कळलं की कोलेस्टेरॉल हे प्राणिज पदार्थांत असतं, वनस्पतीच्या कुठल्याच तेलात ते नावापुरतंही म्हणावं इतकं नसतं. म्हणजे ज्याच्यासाठी मी जास्त पैसे मोजले ते सगळ्यात स्वस्त पिशवीतही नव्हतंच!

आई, म्हणजे माझ्या सासूबाई, रागावल्या. "खोबरेल खावन आमी सत्तरीक पोचलंव, आमका काय झाला?" त्यांना वाटलं, आता नारळही जाणार आणि जेवणाला चवच राहणार नाही. घरात दोन आठवडे धुसफूस चालली.

मग एका रविवारी मुलीने वजनकाटा काढला. आईंनी रोजच्या वाटपासाठी एक नारळ खवला होता. खोबरं भरलं सुमारे २६० ग्रॅम. ओल्या खोबऱ्याचा साधारण एक तृतीयांश भाग स्निग्ध असतो. म्हणजे एका नारळात जवळपास ८७ ग्रॅम. पाच माणसांत वाटलं तर माणशी रोज १७ ग्रॅम, आणि त्यातला बहुतेक भाग संपृक्त.

आता बाटलीतलं तेल बघू. साडेतीन लिटर तेल. एक लिटर तेलाचं वजन ९१० ग्रॅमच्या आसपास भरतं, कारण तेल पाण्यापेक्षा हलकं असतं. ३.५ × ९१० म्हणजे ३१८५ ग्रॅम. भागिले ३० दिवस, भागिले ५ माणसं, म्हणजे माणशी रोज २१ ग्रॅम. नारळाचे १७ मिळवले की ३८.

राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शिकेत दिवसाला २००० कॅलरी लागणाऱ्या माणसाच्या ताटात तेल-तुपासाठी २७ ग्रॅम ठेवले आहेत. आमच्या घरी बैठं काम करणारी माणसं ३८ खात होती. दूध, मांस, काजू यांतलं स्निग्ध तर मोजलेलंच नाही.

आणि संपृक्त किती? नारळाचे माणशी पंधरा-सोळा ग्रॅम, खोबरेलाचे पावणेतीन आणि सूर्यफूल तेलाचे जेमतेम सव्वादोन. एकूण वीसच्या आसपास. आता तुम्हीच सांगा, सूर्यफुलाच्या जागी दुसरं महाग तेल आणून या वीसमध्ये काय फरक पडणार होता?

नारळाचं काय करायचं?

इथे एक शंका हमखास येते. "आपले पूर्वज नारळच खात होते की!" खात होते, पण दिवसभर डोंगर चढत-उतरत, शेतात राबत. शिवाय रोज अख्खा नारळ वाटपात घालणं सगळ्या घरांना परवडतही नव्हतं. पेज, भाजी आणि सणाला नारळाचं वाटप, अशी अनेक घरांची रीत होती.

खोबरेलावर अभ्यासही झाले आहेत. २०२० साली 'सर्क्युलेशन' या हृदयविषयक नियतकालिकात सोळा चाचण्या एकत्र करून मांडलेला निष्कर्ष प्रसिद्ध झाला. शेंगदाणा, सोयाबीन, सूर्यफूल यांच्यासारख्या तेलांच्या तुलनेत खोबरेलाने एलडीएल सरासरी दहा मिलिग्रॅमने वाढलेलं दिसलं. 'चांगलं' एचडीएलही थोडं वाढलं, पण त्यामुळे एलडीएलची वाढ माफ होत नाही.

म्हणून आम्ही नारळ बंद केला नाही, निम्मा केला. खोबरेलही थोडं परत आणलं. आईंशी झालेला तह तो हाच. वाटपाचं असं केलं:

- काळ्या वाटाण्याच्या उसळीत खोबरं निम्मं आणि भाजलेला कांदा दुप्पट. दाटपणासाठी वाटपातच मूठभर शिजलेले वाटाणे वाटले. कांदा-खोबरं तेल न घालता कोरड्या तव्यावर मंद आचेवर भाजलं.
- सोलकढी आठवड्यातून दोनदाच. इतर दिवशी तिवळ. आगळ, पाणी, जिरं, मिरची, कोथिंबीर. त्यात नारळ नाहीच.
- पालेभाजीवर खोबरं शिजवताना नाही, उतरवल्यावर वरून एक चमचा. वरून घातलेलं डोळ्यांना दिसतं आणि जिभेलाही लगेच कळतं, म्हणून कमी पुरतं.

रोजचा नारळ अर्ध्यावर आला. माणशी १७ चे ९ ग्रॅम झाले.

महिन्याची तेलं आणि त्यांची कामं

नारळाचे ९ ग्रॅम आधी बाजूला काढले, मगच तेल ठरवलं. माणशी रोज १५ ग्रॅमच्या आत, म्हणजे तीन लहान चमचे. पाच माणसांना महिन्याला अडीच लिटर. 'माणशी महिना अर्धा लिटर' हा सोपा नियम लक्षात ठेवायला बरा.

हे अडीच लिटर असे: शेंगदाणा एक लिटर, सोयाबीन एक लिटर, खोबरेल पाव लिटर. उरलेलं पाव लिटर आणायचंच नाही. पाहुणे किंवा सण आला तर तेवढी मोकळीक.

तारखेप्रमाणे तेल बदलण्यापेक्षा पदार्थाप्रमाणे तेल ठरवलेलं घरात टिकतं, कारण बाटली उचलताना तारीख कुणालाच आठवत नाही.

शेंगदाणा तेल तव्यासाठी आणि कढईसाठी. बांगड्याला रवा लावून तव्यावर भाजणं, सुरणाचे किंवा नीरफणसाचे काप, कुवल्याची भाजी, टाकळ्याची भाजी, भेंडी. आणि महिन्यातून एकदा वडे. जिथे आच मोठी आणि वेळ जास्त, तिथे हे तेल.

सोयाबीन तेल पातळ पदार्थांच्या फोडणीसाठी. डाळीची आमटी, वाटाण्याची उसळ, ओल्या काजूगरांची उसळ, अळूचं फतफतं, कोंबडीचा रस्सा. यात फोडणी झाली की लगेच पाणी किंवा वाटप पडतं, त्यामुळे तेल फार वेळ तापत नाही. ओमेगा-३ उष्णतेने आणि हवेने लवकर बिघडतं, म्हणून सोयाबीन तेलात पुन्हा पुन्हा तळण करू नये.

खोबरेल वासासाठी. घावणे आणि आंबोळ्यांच्या तव्याला अर्ध्या कांद्याने पुसून. माशाच्या तिखल्यावर उतरवताना एक चमचा. केळफुलाच्या भाजीवर अर्धा. कच्चं वरून घातलं की पूर्ण भाजीला वास येतो, त्यात फोडणी करायची गरजच नाही.

पुढच्या महिन्यात शेंगदाण्याच्या जागी राईस ब्रान आणायचं. कामं तीच, बाटलीची जागा तीच. सोयाबीन मात्र दर महिन्याला राहतं, कारण ओमेगा-३ त्याच्यातूनच येतं. मोहरीचं तेल आम्ही आणून पाहिलं. त्याचा वास आईंना सोसला नाही, अर्धी बाटली तशीच पडून राहिली. घरात खपत नाही ते तेल कितीही गुणाचं असलं तरी फुकट जातं.

एक हंगामी बदल. बांगडा आणि तारली यांच्यात ओमेगा-३ चांगलं असतं, तेही शरीराला थेट वापरता येईल अशा रूपात. पण १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, पाठोपाठ श्रावण येतो. तेव्हा आम्ही सोयाबीनचा वाटा थोडा वाढवतो आणि पेजेबरोबर जवसाची चटणी ठेवतो. मासे पुन्हा सुरू झाले की ते तव्यावर भाजायचे किंवा तिखलं करायचं. बुडवून तळले तर कमावलेलं सगळं कढईत जातं.

हिशोब जमला का?

सव्वादोन लिटर तेल म्हणजे माणशी रोज सुमारे १४ ग्रॅम. नारळाचे ९. एकूण २३. आधीचे ३८ होते. तेल-नारळातलं संपृक्त वीसवरून अकराच्या आसपास आलं, आणि या कमी झालेल्या नवांपैकी सात-आठ ग्रॅम निव्वळ नारळ निम्मा केल्यामुळे कमी झाले.

पैशांचं सांगते. दर सतत बदलतात, म्हणून हे उदाहरणापुरते धरा: सूर्यफूल १६० रुपये लिटर, शेंगदाणा १९०, सोयाबीन १४५, खोबरेल ४००. आधी तीन लिटर सूर्यफुलाचे ४८० आणि अर्धा लिटर खोबरेलाचे २००, मिळून ६८०. आता १९० + १४५ + १०० = ४३५. शेंगदाणा तेल महाग असूनही महिन्याला २४५ रुपये वाचले, शिवाय पंधरा नारळ. तुमच्या गावचे दर घालून हाच हिशोब करा. बचत स्वस्त तेलामुळे होत नाही, कमी तेलामुळे होते.

कुठे फसतं?

पहिलं म्हणजे बाटल्या वाढल्या की ओतणंही वाढतं. आमच्या पहिल्या महिन्यात तसंच झालं. तीन तेलं घरात आली आणि वीस तारखेलाच संपली. मग बाटलीवर चिकटपट्टी लावून चार रेघा मारल्या, आठवड्याला एक. तेल भांड्यात बाटलीतून ओतायचं नाही, चमच्यानेच घालायचं. रेघ ओलांडली तर त्या आठवड्यात उरलेले दिवस उकडलेलं-भाजलेलं. तिसऱ्या महिन्यापासून रेघांकडे बघावंच लागलं नाही.

दुसरं, तळणीचं उरलेलं तेल. कोंबडी-वड्यांच्या दिवशी मोठ्या कढईत अर्धा लिटर ओतलं की उरलेलं टाकवत नाही, आणि मग ते आठवडाभर तळणीत फिरतं. वारंवार तापलेल्या तेलात घातक पदार्थ तयार होतात. तेल काळसर झालं, दाट झालं, तापताना फेस धरू लागलं किंवा लवकर धूर सोडू लागलं तर ते गेलं असं समजावं. आम्ही लहान लोखंडी कढई घेतली. पाव लिटरात चार-चार वडे होतात, वेळ लागतो, पण उरतं थोडंच. उरलेलं गाळून दोन दिवसांच्या आत भाजीत संपवायचं, पुन्हा तळायला घ्यायचं नाही. नवीन तेलात तर ते मिसळायचंच नाही.

तिसरं, डबा. पंधरा किलोचा डबा लिटरमागे स्वस्त पडतो, म्हणून घ्यावासा वाटतो. पण महिन्याला सव्वादोन लिटर, म्हणजे दोन किलोच्या आसपास लागणाऱ्या घरात तो सात महिन्यांहून जास्त चालेल. आपल्या दमट हवेत उघडा डबा तोवर खवट होतो, आणि फेरपालट तर होतच नाही. दोन-तीन शेजारणींनी मिळून एक-एक लिटरच्या पिशव्या एकदम घेतल्या तर दुकानदार थोडं कमी करतो.

चौथं, पिशवीवरचं बारीक अक्षर. एक लिटरसारख्या दिसणाऱ्या पिशवीत कधी ८५० तर कधी ८०० ग्रॅम तेल असतं. किंमत वजनाने भागून बघा. 'ब्लेंडेड' लिहिलं असेल तर कोणतं तेल किती टक्के ते लेबलवर द्यावं लागतं, तेही वाचा. सुटं तेल घेऊ नका. त्यात काय मिसळलंय ते सांगायला लेबलच नसतं.

याची मर्यादा

सहा महिन्यांनी बाबांचं एलडीएल कमी आलं. आई म्हणाल्या, "बघ, तेलान केलान!" पण मधल्या काळात डॉक्टरांनी गोळीही वाढवली होती. त्यामुळे तेलाने किती आणि गोळीने किती, हे मला सांगता येणार नाही आणि कुणी छातीठोक सांगितलं तर विश्वास ठेवू नका. तेलाचा फेरपालट म्हणजे औषध नाही. गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नयेत. तंबाखू, मीठ, चालणं हे हिशोब वेगळेच आहेत. आणि 'माणशी अर्धा लिटर' हा घराचा सरासरी आकडा आहे. वाढत्या मुलीच्या ताटात थोडं जास्त आणि बाबांच्या ताटात थोडं कमी जातं. अगदी लहान बाळांना तर हा नियम लावूच नका.

वर्गासाठी उपक्रम

१. प्रत्येक विद्यार्थ्याने घरातल्या तेलाच्या बाटलीवर आज रेघ मारावी आणि सात दिवसांनी किती मिलिलिटर कमी झालं ते लिहावं. मध्ये नवं तेल ओतलं तर तेही मोजावं.

२. मिलिलिटर × ०.९१ = ग्रॅम. त्याला ७ ने आणि जेवणाऱ्या माणसांच्या संख्येने भागावं.

३. आठवड्यात किती नारळ फुटले ते विचारावं. खवलेलं खोबरं वजन करून त्याचा एक तृतीयांश धरावा, तोही दिवस आणि माणसं यांनी भागून मिळवावा.

४. आलेला आकडा वर्गात मोठ्याने वाचून दाखवायला लावू नये. घरची परिस्थिती त्यातून उघडी पडते. प्रत्येकाने तो वहीत लिहून घरी दाखवावा, एवढंच.

त्या पालकांना मी शेवटी कोणत्याच तेलाचं नाव सांगितलं नाही. म्हटलं, "आधी आठवडाभर नारळ मोजा, बाटलीवर रेघ मारा, मग या." ते आठव्या दिवशी आले. कागदावर लिहून आणलं होतं: पाच माणसं, नऊ नारळ. दुकानात जायच्या आधीच त्यांना त्यांचं उत्तर सापडलं होतं.